‘तुमच्याचकडे का?’ : अर्जाच्या मेलमधला दुसरा परिच्छेद
आमच्याकडून बायोडेटा आणि मेल करून घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

बायोडेटासोबत जो मेल जातो त्यात साधारण तीन परिच्छेद असतात. पहिल्यात कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि तुम्ही सध्या काय करता ते येतं. तिसऱ्यात फोन नंबर, नोटीस पिरियड, कधीपासून येऊ शकता वगैरे. हे दोन्ही आम्ही दहा मिनिटांत करून देतो. अडतं ते मधल्यावर, म्हणजे ‘हीच कंपनी का’ या परिच्छेदावर. तो तुमच्याशी बोलल्याशिवाय आम्हाला लिहिता येत नाही. का येत नाही, ते एका उदाहरणातून सांगतो.

मिरजेकडचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मेकॅनिकलचा डिप्लोमा, 2019 पासून एका कंत्राटदाराकडे कृष्णाकाठच्या उपसा योजनांवर पंपांची देखभाल. अर्ज करायचा होता किर्लोस्कर ब्रदर्समध्ये, सर्व्हिस इंजिनिअर म्हणून. त्याने लिहून आणलेला परिच्छेद असा होता:

‘आपली कंपनी ही या क्षेत्रातील एक अत्यंत नामांकित व अग्रगण्य कंपनी आहे. आपल्या कंपनीची कार्यसंस्कृती व गुणवत्ता यांमुळे मी प्रभावित झालो आहे. आपल्या दर्जेदार डिझेल जनरेटरचे मी नेहमीच कौतुक करत आलो आहे. अशा कंपनीत काम करणे हे माझे स्वप्न आहे.’

आधी तिसरं वाक्य बघा. जनरेटर आणि डिझेल इंजिनं ही किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची. किर्लोस्कर ब्रदर्सचं मुख्य काम पंपांचं. कॉम्प्रेसर करते ती किर्लोस्कर न्यूमॅटिक, आणि बिडं व कास्टिंग किर्लोस्कर फेरसचं. नाव एक असलं तरी कंपन्या वेगळ्या. बाहेरच्या माणसाची अशी गल्लत होते, पण आतल्या माणसाला ती पहिल्याच नजरेत दिसते. उद्योगसमूहात अर्ज करताना कंपनीचं पूर्ण नाव जाहिरातीतून जसंच्या तसं उतरवून घ्या आणि त्याच नावाच्या वेबसाइटवर जा.

बाकीच्या तीन वाक्यांत चूक काही नाही, कारण त्यांत काहीच नाही. कंपनीचं नाव झाकून तिथे एखाद्या बँकेचं नाव घाला, एकही शब्द बदलावा लागत नाही. आम्ही प्रत्येक परिच्छेदाला हीच कसोटी लावतो: त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीचं नाव टाकून वाचायचं. तरीही नीट वाचलं गेलं तर परिच्छेद परत.

सात-आठ दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी भरपूर वाचून. दुसऱ्या मसुद्यात 1888 सालचं लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकान होतं, लोखंडी नांगर होता, 1910 ची किर्लोस्करवाडी होती, 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांच्या सुटकेवेळी पाणी उपसण्याच्या कामात कंपनीच्या तज्ज्ञांनी केलेली मदत होती, सरदार सरोवराच्या सौराष्ट्र कालव्यासाठीचे पंप होते. सगळं खरं. नाव बदलून वाचता येणार नाही हेही खरं. तरी आम्ही तो परत केला.

कारण हा परिच्छेद वाचणाऱ्याला ही माहिती नवी नाही. लक्ष्मणरावांची गोष्ट मराठी माणूस शाळेत ऐकतो, आणि किर्लोस्करवाडीतला माणूस तर तिथेच कामाला जातो. त्याच्याच कंपनीचा इतिहास त्याला सांगणं ही फक्त जरा अभ्यास केलेली स्तुती झाली. त्याला माहीत नसलेली गोष्ट एकच आहे: यातलं तुमच्या हातच्या कामाशी काय जुळतं.

मग आम्ही त्याला विचारलं, यातली कोणती गोष्ट वाचताना तू थांबलास? तो म्हणाला, ‘ते काँक्रीटचे पंप.’

इथून खरं काम सुरू झालं. सौराष्ट्र कालव्यावर कंपनीने काँक्रीट व्होल्यूट पंप दिलेले आहेत. पंपाचं शंखाच्या आकाराचं बाहेरचं कवच, म्हणजे व्होल्यूट, एरवी ओतीव लोखंडाचं असतं. या पंपांत ते पंपहाउसच्या बांधकामातच काँक्रीटमध्ये घडवलेलं असतं. म्हणजे फिरणारे भाग वर काढता येतील, पण कवच नटबोल्ट सोडवून क्रेनने उचलून वर्कशॉपला धाडणं शक्यच नाही. त्याचं जे काही करायचं ते जागेवर. आमचा मुलगा थांबला तो याच मुद्द्यावर, कारण त्याची सगळी वर्षं जागेवर पंप उघडण्यात गेली होती. गुहेची गोष्ट जास्त थरारक आहे, पण तिचा त्याच्या कामाशी धागा लांबून जोडावा लागला असता. ती सोडून दिली, नांगरही सोडला, 1888 ही सोडलं.

तिसरा मसुदा असा झाला:

‘तुमच्या काँक्रीट व्होल्यूट पंपांबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या कामाशी जुळली. कवच बांधकामातच असल्यामुळे त्याची देखभाल पंपहाउसमध्येच करावी लागते. मी 2019 पासून कृष्णाकाठच्या उपसा योजनांवर व्हर्टिकल टर्बाइन पंप जागेवरच उघडतो आणि जोडतो. त्या वर्षीच्या पुरानंतर दोन पंपहाउसमधल्या पाच मोटारी आम्ही सुकवून, बेअरिंग बदलून पुन्हा चालू केल्या. रोजच्या मेगर नोंदी माझ्याकडे होत्या. काँक्रीट व्होल्यूटवर मी अजून काम केलेलं नाही. मोठ्या पंपांची साइटवरची सर्व्हिस हेच काम पुढे करायचं आहे, आणि जाहिरातीतली जागा त्याच कामाची आहे.’

सत्तरेक शब्द. यात कंपनीबद्दलची माहिती फक्त पहिल्या दोन वाक्यांत आहे, तीही थोडक्यात. बाकी सगळं त्याचं स्वतःचं. प्रमाण साधारण असंच हवं. कंपनीची माहिती निम्म्याच्या वर गेली की परिच्छेद पुन्हा निबंधाकडे झुकतो. कौतुकाचा एकही शब्द नाही. सर्व्हिसच्या दृष्टीने त्या पंपाचा नेमका अवघड भाग ज्याने हेरला, त्याने लक्ष देऊन वाचलंय हे वाचणाऱ्याला न सांगताच कळतं.

‘अजून काम केलेलं नाही’ हे वाक्य काढायचा त्याचा फार आग्रह होता. आम्ही ठेवायला लावलं. ते नसतं तर पहिल्या दोन वाक्यांमुळे हा माणूस असे पंप हाताळतो असा समज झाला असता, आणि मुलाखतीत तो पाच मिनिटांत उतरला असता.

मोटारींचा आकडाही असाच फोनवर गाळून घेतला. त्याने आधी ‘सात मोटारी’ लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं, बुडाल्या सात. त्यांतल्या दोन सुकवूनही मेगरवर, म्हणजे मोटारीचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, रीडिंग वर येईना, म्हणून रिवाइंडिंगला बाहेर दिल्या. चालू केल्या त्या पाचच. मुलाखत घेणारा सर्व्हिसमधला असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सुकवल्या कशाने? किती मेगाओहम आल्यावर सप्लाय दिला?’ परिच्छेदात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर असा एक पुढचा प्रश्न येणार असं धरून चाला. त्याचं उत्तर देता येत नसेल तर ती गोष्ट कितीही चांगली दिसो, खोडा.

अशी माहिती मिळते कुठे

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या पानावर असतो, आणि बीएसई-एनएसईच्या साइटवरही. तीनशे पानांचा असला तरी घाबरू नका, सगळा वाचायचा नाही. ताळेबंद सोडा, अध्यक्षांचं पत्रही सोडा. त्यात सगळं छानच लिहिलेलं असतं. ‘मॅनेजमेंट डिस्कशन अँड अ‍ॅनालिसिस’ हे प्रकरण उघडा. धंद्याच्या कोणत्या भागात काय चाललंय ते तिथे असतं. मग पीडीएफमध्ये तुमच्या कामाचा शब्द शोधा: सर्व्हिस, फाउंड्री, कास्टिंग, डिस्पॅच, जे असेल ते. बऱ्याच कंपन्या दर तिमाहीला विश्लेषकांशी फोनवर बोलतात आणि त्याची लिखित प्रत बाजाराकडे देतात. तिथली भाषा अहवालापेक्षा मोकळी असते; प्लांट मागे का पडला, ऑर्डर कुठून येतात हे प्रश्नोत्तरांत निघतं. अहवाल कोणत्या वर्षाचा आहे ते मात्र बघा. बंद केलेल्या प्रॉडक्टबद्दल उत्साहाने लिहिलेले मेलही आम्ही पाहिलेत.

कुपवाड किंवा शिरोली एमआयडीसीतल्या चाळीस माणसांच्या कारखान्याचा असा अहवाल मिळणार नाही. तिथे जाहिरात हाच मोठा पुरावा. ‘व्हीएमसी ऑपरेटर, फॅनक कंट्रोल’ असं लिहिलं असेल तर त्यांच्याकडे कोणतं मशीन कोणत्या कंट्रोलवर चालतं हे तुम्हाला कळलंच. त्यांचा कॅटलॉग, मालावरची नेमप्लेट, त्यांचा माल वापरणारा डीलर किंवा मेकॅनिक यांच्याकडूनही पुष्कळ कळतं. ‘तुमचा गिअरबॉक्स मी तीनदा उघडलाय’ हे वाक्य ‘तुमची वेबसाइट पाहिली’ यापेक्षा कधीही जड. पण तिथे काम करणाऱ्या मित्राने खासगीत सांगितलेली ऑर्डर किंवा दर मेलमध्ये आणू नका. तुमचं जाऊ दे, मित्राची नोकरी जाईल. तोटा, कोर्टकचेरी, संप यांच्या बातम्याही खऱ्या असल्या तरी या परिच्छेदात नकोत.

भाषेबद्दल एक. मेल बहुधा इंग्रजीतच जाणार, तरी हा परिच्छेद आधी मराठीत लिहून पाठवा, बोलता तसा. इंग्रजीत लिहायला बसलं की ‘एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ आणि ‘युअर गुड सेल्फ’ आपोआप बोटांतून उतरतात. मराठीत ‘आदरणीय संस्था’ लिहिताना निदान हात जरा थांबतो. इंग्रजी आम्ही करून देऊ, साधंच करू.

आमच्याकडे येताना

जाहिरातीची पूर्ण प्रत आणा, नुसता स्क्रीनशॉटचा वरचा भाग नको. कंपनीबद्दलच्या तीन गोष्टी लिहून आणा आणि प्रत्येकीपुढे ती कुठे वाचली ते लिहा. त्यांतली एक आपण ठेवू. मग अर्धा तास फोनवर बोलू. त्यात आम्ही तुमच्या रोजच्या कामाबद्दल बारीकसारीक विचारू, कंटाळू नका. तीन गोष्टींतली एकही तुमच्या कामाला चिकटली नाही, असंही होतं. तेव्हा आम्ही हा परिच्छेद गाळतो आणि दोनच परिच्छेदांचा मेल देतो.

एकदा लिहिलेला परिच्छेद दुसऱ्या कंपनीला आम्ही वापरू देत नाही. त्यामुळे पाच कंपन्यांना अर्ज करायचे असतील तर कोणत्या दोन कंपन्यांसाठी हे कष्ट घ्यायचे ते आधी ठरवून या.