‘ओलावा ५० टक्के’ हा आकडा आला कुठून?

मातीत पाणी किती, हा प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी सोडवला गेला. टेन्शिओमीटर आणि १९४० च्या सुमाराचे जिप्समचे ठोकळे माती पाणी किती घट्ट धरून ठेवते ते सांगत, म्हणजे झाडाला ते ओढायला किती जोर लागेल हे. १९८० मध्ये दुसरी वाट पक्की झाली: पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता, ८० च्या आसपास आणि कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५, त्यामुळे त्यावरून पाण्याचे आकारमान काढता येते. आजचा स्वस्त कॅपॅसिटिव्ह सेन्सर याच वाटेवरचा. त्याच्याआधीचा दोन दात्यांचा सेन्सर सतत वीज चालू ठेवली की काही आठवड्यांतच गंजायचा.

२००५ मध्ये आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आला आणि त्यानंतरच्या घरगुती प्रकल्पांत एक ओळ हातोहात फिरली:

```
int pct = map(raw, 520, 260, 0, 100);
```

५२० हे हवेतले वाचन, २६० पाण्यातले. मधल्या ३९० ला ‘५० टक्के ओलावा’ म्हणायचे. माझ्या मते सगळा घोळ इथेच झाला. हे टक्के आहेत हवा आणि पाणी यांच्यामधल्या अंतराचे, मातीतल्या पाण्याचे नव्हेत. पूर्ण भिजलेल्या मातीतही आकारमानाने साधारण निम्मेच पाणी मावते. शिवाय १५ टक्के पाणी असलेल्या वाळूत झाड मजेत असते, तेवढ्यावर चिकणमातीत मात्र कोमेजते. आपल्याला जो हवा तो वाफसा, आणि तो या टक्क्यांत कुठेच दिसत नाही.

म्हणूनच टक्के बाजूला ठेवून कच्च्या वाचनांवरच पाणी कधी द्यायचे याचा नियम यंत्राला शिकवण्याची पद्धत मला योग्य वाटते. समजा, १४ दिवस रोज वाचन नोंदवले आणि कुंडी उचलून, माती चाचपून शेजारी पाणी ‘हवे’ किंवा ‘नको’ लिहिले. ‘नको’चे सर्वांत मोठे वाचन ४१८ आणि ‘हवे’ची ४३६ च्या पुढची, फक्त एक ‘हवे’ ४०५ वर. प्रत्येक शक्य सीमा तपासायची आणि सर्वांत कमी चुका जिथे होतील ती ठेवायची. इथे ४२७ वर एकच चूक राहते. मात्र नोंद करताना आधी माती बघायची, मग आकडा; उलट केले की नियम आपलाच अंदाज शिकतो.

वाचन ४२७ च्या पुढे गेले की पंपाने पाणी द्यायचे. पाणी सेन्सरपर्यंत झिरपायला वेळ लागतो, म्हणून पंप २० सेकंद चालवून १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा वाचायचे. वाचन ३८० च्या खाली येईपर्यंत हे चालते. तीन फेऱ्यांनंतरही वाचन हलले नाही, तर पंप बंद करून आधी नळी सुटली का ते पाहावे, मग सेन्सरभोवतीची माती सुटून पोकळी पडली आहे का ते. पोकळीत हवा असते, म्हणून भिजलेल्या कुंडीतही वाचन कोरडेच येते. सेन्सर काढून पुन्हा रोवला, तर ४२७ ही सीमा गेली; नोंदी पुन्हा पहिल्यापासून.