डिशला वेगळी सळई, की घराच्याच अर्थिंगला जोड?

इंदूरमध्ये मेच्या शेवटी वळवाचं वादळ येऊन गेलं की दुरुस्तीच्या दुकानांत सेट टॉप बॉक्स येऊ लागतात. बरोबर आलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते: ‘प्लगला स्पाइक गार्ड होता, डिशलाही अर्थिंग केलं होतं, तरी गेला कसा?’ स्पाइक गार्डचं उत्तर सोपं आहे. तो फक्त प्लगच्या वाटेवर उभा असतो आणि डिशची केबल त्याला वळसा घालून थेट बॉक्समध्ये शिरते. डिशच्या अर्थिंगचं उत्तर मात्र थोडं आडवळणाचं आहे, कारण अर्थिंग या नावाखाली दोन वेगळी कामं केली जातात आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. हिरवी तार डिशच्या खांबापासून निघते आणि खाली जमिनीकडे जाते. एका घरात ती बागेत ठोकलेल्या नव्या सळईला जोडलेली असते, दुसऱ्यात मीटरजवळच्या जुन्या अर्थिंगला. यातलं दुसरं काम बॉक्सला वाचवू शकतं. पहिल्याने बॉक्स कधीकधी जास्तच अडचणीत येतो.

कसं ते कळण्यासाठी वीज बॉक्सपर्यंत पोचते कुठून ते आधी पाहू. डिशची केबल म्हणजे मधली एक तार आणि तिच्याभोवती फॉइल व जाळीचं वेष्टन. मधल्या तारेतून डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या एलएनबी या डबीला बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि तिच्यातूनच सिग्नल खाली येतो. बाहेरचं वेष्टन बॉक्समध्ये शिरताच त्याच्या आतल्या धातूला जोडलं जातं, तिथून एचडीएमआयच्या वेष्टनाला, तिथून टीव्हीला. टीव्हीला तीन पिनांचा प्लग असेल तर हीच साखळी घराच्या अर्थिंगपर्यंत जाते. म्हणजे गच्चीवरचा धातू आणि घराची वायरिंग यांची गाठ पडते ती नेमकी टीव्हीच्या मागे, चिमुकल्या सर्किटांमध्ये.

आता सुदामा नगरातलं एक दुमजली घर डोळ्यांसमोर आणू. मीटर आणि अर्थिंगचा खड्डा पुढच्या फाटकाशी. डिश गच्चीच्या मागच्या कठड्यावर. इलेक्ट्रिशियनने मागच्या बाजूला खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, सळई ठोकली आणि डिशची तार तिला बांधली. वादळात वीज शेजारच्या गल्लीतल्या कडुनिंबावर पडली. डिशला ती शिवलीही नाही, पण त्या झटक्याने केबलच्या लांबलचक तारेत प्रवाह निर्माण झाला. हिशेबापुरता तो ५०० अँपिअर धरू. थेट पडणाऱ्या विजेत हाच आकडा साधारण ३०,००० अँपिअर असतो, त्यामुळे आपलं उदाहरण तसं सौम्यच आहे.

मागच्या सळईचा जमिनीशी रोध ४० ओहम धरला तर ५०० गुणिले ४० म्हणजे २०,००० व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरती ती सळई, डिश आणि केबलचं वेष्टन हे सगळं २०,००० व्होल्टवर चढतं. पुढच्या फाटकाशी असलेलं घराचं अर्थिंग मात्र अजून जवळपास शून्यावरच असतं. या दोघांना जोडणारा धातूचा मार्ग घरात एकच, टीव्हीच्या मागचा. सळईने आपलं काम चोख केलं, प्रवाह जमिनीत नेला. पण नेता नेता घरात दोन वेगवेगळ्या ‘जमिनी’ तयार करून ठेवल्या आणि बॉक्सला त्यांच्यामधला पूल केलं.

उलट दिशेनेही हेच होतं. धक्का रस्त्यावरच्या विजेच्या लाइनमधून आला तर घराचं अर्थिंग वर चढतं, मागची सळई शून्यावर राहते आणि प्रवाह बॉक्समधून उलटा डिशकडे पळतो. म्हणूनच डिशला काही न होता बॉक्सचा ट्यूनर जळालेला सापडतो.

दुसऱ्या पद्धतीत नवी सळई हा मुद्दाच नसतो. केबल जिथून घरात शिरते तिथे एक छोटा धातूचा ठोकळा बसवायचा. त्याला दोन्ही बाजूंनी केबलचे एफ कनेक्टर लागतात आणि एका स्क्रूखाली तांब्याची तार घट्ट बसते. बाजारात तो ग्राउंडिंग ब्लॉक म्हणून मिळतो. ती तार आणि डिशच्या खांबाची तार, दोन्ही घराच्या मुख्य अर्थिंगच्या पट्टीला. आता झटका आला तरी घराची वायरिंग, टीव्ही आणि केबल सगळं एकत्र वर चढतं आणि एकत्र खाली येतं. सळईवर कितीही व्होल्ट असोत, बॉक्सच्या दोन टोकांत फरक उरत नाही. बॉक्सला मारतो तो हा फरक.

फरक उरत नाही, हे मात्र तार आखूड असेल तरच खरं. विजेचा झटका एखाद्या मायक्रोसेकंदात चढतो, आणि इतक्या वेगापुढे सरळ तारही अडथळा होते. तिचं इंडक्टन्स दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. आपले ५०० अँपिअर एका मायक्रोसेकंदात चढले तर तारेच्या प्रत्येक मीटरवर ५०० व्होल्ट पडतात. ठोकळ्यापासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत दोन मीटर तार असेल तर फरक १,००० व्होल्ट, आणि घराला वळसा घालून बारा मीटर नेली तर ६,०००. तारेची जाडी दुप्पट केली तरी यात फारसा फरक पडत नाही. तारेचं भेंडोळं करून ठेवणं तर सगळ्यात वाईट. त्यामुळे मी तरी तारेवर खर्च करण्याआधी केबलचीच वाट बदलायला सांगेन. डिश मागे राहू दे, केबल गच्चीवरूनच पुढे आणून मीटरच्या बाजूने घरात घ्या. चार मीटर केबल जास्त गेल्याने सिग्नलला काही होत नाही.

मागे सळई आधीच ठोकलेली असेल तर ती उपटायची गरज नाही. तिला पुढच्या अर्थिंगशी जाड तांब्याच्या तारेने जोडून टाका, म्हणजे ती वेगळी उरत नाही. डिशच्या खांबासाठी आंतरराष्ट्रीय मानकात १६ चौरस मिलिमीटर तांबं सांगितलं आहे आणि केबलचं वेष्टन जोडायला ४ चौरस मिलिमीटर. त्याच मानकात एक सवलतही आहे. डिश छताच्या कडेपासून दोन मीटरपेक्षा जास्त खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल, तर खांबाला अर्थिंग नसलं तरी चालतं. गॅलरीच्या जाळीला लावलेल्या डिशा बहुतेक यात बसतात.

केबल वळवणं अगदीच अशक्य असेल तर टीव्हीजवळ स्पाइक गार्डची अशी पट्टी घ्या जिच्यात प्लग आणि डिशची केबल दोन्ही शिरतात. ती दोन्ही वाटांचं अर्थिंग बॉक्सच्या तोंडाशीच एकत्र आणते. मात्र त्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेत खरोखर अर्थिंग असायला हवं. जुन्या वाड्यांत तिथे बऱ्याचदा भोक असतं, तार नसते. केबलमध्ये लावायचा, झटक्याचे जास्तीचे व्होल्ट अर्थिंगकडे वळवणारा गॅस ट्यूबचा अरेस्टरही मिळतो. डिशसाठी तो २१५० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा आणि एलएनबीचे व्होल्ट जाऊ देणारा असावा. त्याच्या स्क्रूला अर्थिंगची तार जोडली नाही तर तो नुसता महागडा जॉइंट आहे.

माळव्याच्या काळ्या मातीचीही इथे भूमिका आहे. पावसाळ्यात ही माती ओल धरून ठेवते आणि अर्थिंगला उत्तम. पण उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगा पडतात, सळईभोवती पोकळी तयार होते आणि रोध चढतो. पहिली वादळं नेमकी तेव्हाच येतात. ऑगस्टमध्ये अर्थ टेस्टरवर झकास आकडा दाखवणारी सळई मेमध्ये तीच राहत नाही, म्हणून तपासणी मेमध्येच करून घ्यावी. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसले, एवढ्यावर खूश होऊ नका. त्यावरून तार कुठेतरी जोडलेली आहे एवढंच कळतं.

बॉक्स गेलाच तर धक्का कुठून आला हे बहुधा ओळखता येतं. अडॅप्टर मेला, बॉक्सवरचा दिवा लागत नाही आणि त्याच रात्री घरातले दोन-चार एलईडी बल्बही गेले, तर धक्का विजेच्या लाइनमधून आला. दिवा लागतो, मेनू दिसतो पण ‘सिग्नल नाही’ हेच येतं, तर केबलच्या बाजूचा ट्यूनर किंवा एलएनबी गेला. दुसरा बॉक्स लावून दोघांतलं कोण ते कळतं. आणि बॉक्स चालू, पण एचडीएमआयवर काळा पडदा, टीव्हीचंही तेच पोर्ट मेलेलं, तर झटका एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडला. सुदामा नगरातल्या आपल्या घरात हाच तिसरा प्रकार अपेक्षित आहे.

एक जुगाड मात्र कधीही करू नका, अर्थिंग मिळत नाही म्हणून तार न्यूट्रलला जोडण्याचा. बाहेर न्यूट्रल तुटला की गच्चीवरची डिश आणि तिचा खांब करंट मारू लागतात. पाइपने येणाऱ्या गॅसच्या नळीलाही तार बांधू नका. नळाचा पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा, तिथे बांधलेली तार जमिनीपर्यंत पोचतच नाही.

गल्लीतल्या केबलवाल्याची लाइन असेल तर आणखी जपून. त्या वेष्टनाला शेजारच्या कितीतरी घरांचे टीव्ही जोडलेले असतात. त्यांतला एखादा बिघडलेला असला तर वेष्टन तुमच्या अर्थिंगला लावताच केबल तापू लागते. जोडण्याआधी वेष्टन आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट मोजून घ्या. केबल काढताना बोटाला बारीक चिमटा बसतो, तो बहुतेक वेळा अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमुळे. त्याचा अर्थ इतकाच, की या केबलला कुठेही अर्थिंग नाही.

घरावरच थेट वीज पडली तर यातलं काहीही बॉक्स वाचवण्याची खात्री देत नाही. तिथे प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणं हाच उपाय. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, आणि नुसता प्लग काढला तरी केबलची वाट उघडीच राहते. केबलचं टोक बॉक्सपासून हातभर लांब ठेवावं. लॅनची तार असेल तर तीही. हे सगळं गडगडाट सुरू होण्याआधी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांचा इशारा मिळतो, म्हणजे देवासच्या बाजूला ढग गरजू लागले की हाताशी थोडा वेळ असतो. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये. तेव्हा बॉक्स गेला तर गेला.