मधलं पद गेलं कुठं?

परवा भाचीची विस्तारसूत्रांची वर्कशीट तपासायला घेतली, तर (3x − 5)² च्या पुढे 9x² + 25 असं एकदम ठाम लिहिलेलं. विचारलं तर म्हणे, "मामा, बाहेर वर्ग आहे ना, मग दोघांचाही केला."

ही चूक आळसाने होत नाही. (3x)² मध्ये 3 चाही वर्ग होतो आणि x चाही, 2(x + 5) मध्ये 2 दोघांनाही वाटला जातो, मग हात तीच सवय बेरजेच्या वर्गावर चालवतो. पण वर्ग म्हणजे स्वतःला स्वतःनेच गुणणं, म्हणून कंस दोनदा लिहायचा, (3x − 5)(3x − 5), आणि पहिल्यातल्या प्रत्येक पदाने दुसऱ्यातल्या प्रत्येक पदाला गुणायचं. चार गुणाकार होतात: 9x², −15x, −15x आणि +25. मधले दोन सारखेच, म्हणून −30x, सूत्रातला तो 2 इथूनच येतो.

चित्रात बघायचं तर x + 5 बाजूचा चौरस काढा. एका कोपऱ्यात x² चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात 25 चा, आणि उरलेल्या जागेत 5x च्या दोन पट्ट्या. मधलं पद विसरणं म्हणजे या दोन पट्ट्या कापून टाकणं. युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास हेच आकृतीने सिद्ध केलं होतं. 'पाच सेकंदात उत्तर' वाल्या व्हिडिओंमध्ये ही आकृती सहसा नसतेच, नुसती ट्रिक असते, आणि ट्रिक विसरली की हातात काही उरत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, पडताळा. पोरं सोपं म्हणून x = 0 घालतात, आणि नेमकं तिथेच फसतात, कारण शून्याने मधलं पदच गायब होतं, दोन्हीकडे 25 येतात आणि चुकीचं उत्तरही पास! x = 1 घाला. खरं उत्तर (3 − 5)² म्हणजे 4. भाचीचं आलं 34, फरक 30, म्हणजे हरवलेल्या पदाचा सहगुणकच. कुणी 9x² − 15x + 25 लिहिलं असतं तर 19 आलं असतं, फरक 15, म्हणजे दुप्पट करायची राहिली. 9x² − 25 ला तर −16 येतं, आणि वर्ग ऋण येऊच शकत नाही.

पण एकट्या 1 वरही विसंबू नका, 9 आणि 25 ची अदलाबदल झाली तरी बेरीज 4 च येते. x = 2 घातलं की ती पकडली जाते, बरोबर उत्तराला 1 येतं, उलट्याला 49.

मग भाचीने स्वतःच पुढचं गणित तपासलं, (2x + 7)², उत्तर लिहिलेलं 4x² + 49. एका बाजूला 81, दुसरीकडे 53. "28 कमी पडतायत," म्हणाली, आणि मधे 28x लिहून टाकलं.