दमा, दारू आणि रात्रीचा ठसका: एका जुन्या गैरसमजाची पार्श्वभूमी

दारूने छाती मोकळी होते, असे आजही काही दमेकरी सांगतात. त्यांचे सांगणे खोटे नाही. मात्र ते पहिल्या तासा-दोन तासांपुरते खरे आहे, आणि या अर्धसत्यामुळे डॉक्टरही बराच काळ चकले. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हेन्री हाइड सॉल्टर नावाचे वैद्य होते. ते स्वतः दमेकरी होते आणि दम्याचा त्यांचा अभ्यास त्या काळात प्रमाण मानला जाई. दम्याच्या झटक्यात गरम पाण्यातून भरपूर मद्य दिल्यास आराम पडतो, असे त्यांनी 1863 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. विसाव्या शतकातही शिरेतून अल्कोहोल देऊन पाहिले गेले. दारू श्वासनलिकांभोवतीचा स्नायू थोडासा सैल करते, हे पुढे फुंकरीच्या चाचण्यांमध्येही दिसले. हा परिणाम सौम्य असतो आणि लवकर ओसरतो. शिवाय तो सगळ्यांत दिसत नाही. वाइन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटमुळे किंवा दारू पचताना शरीरात साचणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडमुळे काही जणांना पहिल्या घोटानंतरच घरघर सुरू होते.

सॉल्टर यांनी पाहिला तो झटक्याचा तास. त्यानंतरची रात्र पाहिली गेली ती न्युमोनियाच्या निमित्ताने. दारू पिणाऱ्यांना न्युमोनिया जास्त होतो आणि तो जास्त घातक ठरतो, हे वैद्यांना केव्हाच ठाऊक होते. पण त्याचे कारण ‘प्रकृती खंगते’ एवढ्यावरच सोडले जाई. 1938 साली नंजेस्टर आणि क्लेप्सर या अमेरिकी संशोधकांनी साधा प्रयोग केला. त्यांनी उंदरांना दारूची गुंगी आणून नाकात चिकट द्रव घातला. शुद्धीतल्या उंदरांत श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण वेळेवर मिटते. गुंगीतल्या उंदरांत ते नीट मिटत नव्हते आणि द्रव फुप्फुसात उतरत होता. प्रकृती खंगण्याच्या कितीतरी आधी, त्याच रात्री, दार उघडे राहते हे यातून समजले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे, आणि त्याची आठवण फार कमी जणांना आहे.

आत काय उतरते, याचे उत्तर प्रसूतिगृहातून मिळाले. न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1932 ते 1945 या काळातील 44,016 गर्भवतींच्या नोंदी तपासल्या. भूल दिलेली असताना जठरातला ऐवज फुप्फुसात गेल्याची 66 प्रकरणे त्यांना सापडली. घन अन्न अडकले की श्वास कोंडे. पण नुसता पातळ द्रव गेलेल्या बायकांत वेगळेच चित्र होते: काही वेळाने घरघर, धाप, निळसर ओठ, अगदी दम्याच्या झटक्यासारखे. मेंडेलसन यांनी सशांच्या फुप्फुसात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले, तेव्हा हेच घडले. आम्लता मारलेला जठररस सोडला, तेव्हा घडले नाही. त्यांचा हा अभ्यास 1946 साली छापून आला. त्यात दारूचा विषय नव्हता, पण भूल आणि दारूची गुंगी यांत घशाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो.

अशी गळती फक्त बेशुद्धांत होते, ही समजूत 1978 साली मोडली. टेक्सासमधल्या डॉक्टरांनी झोपलेल्या लोकांच्या नाकात किरणोत्सारी इंडियम थेंबाथेंबाने सोडले आणि सकाळी फुप्फुसांचे चित्र काढले. वीस निरोगी माणसांपैकी नऊ जणांच्या फुप्फुसात ते पोहोचले होते. ज्यांची शुद्ध मंदावलेली होती अशा दहांपैकी सातांत ते सापडले. म्हणजे थोडी गळती अनेक निरोगी माणसांचीही होते. निरोगी माणूस ती रातोरात बाहेर काढतो, म्हणून त्याला काही कळत नाही.

बाहेर काढण्याचे हे काम श्वासनलिकांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. ते सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा वल्ह्यासारखे हलतात आणि कफाचा थर घशाकडे ढकलत राहतात. नेब्रास्का इथले जोसेफ सिसन यांनी 1995 साली दाखवले की थोडी दारू लागताच हे केस उलट जोरात हलतात. पेशींतल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे हा वेग वाढतो. सॉल्टर यांना दिसलेल्या आरामासारखाच हाही पहिला, फसवा टप्पा. दारूचा संपर्क लांबला की पेशी त्या इशाऱ्याला दाद देईनाशा होतात. पुढच्या प्रयोगांत, रोज दारू मिळणाऱ्या उंदरांमधले केस बीटा-अ‍ॅगोनिस्ट औषधानेही वेग घेईनात. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल याच गटातले आहे. पंपाने स्नायू सैल होईल, पण कफ हलवण्याची त्याची मदत अशा माणसात कमी पडू शकते. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या रुग्णात धूम्रपानाने हे केस आधीच झडलेले असतात, त्यामुळे त्याच्याकडे राखीव असे फारसे काही उरलेले नसते.

आता हे सगळे एका रात्रीत मांडून पाहू. पन्नाशीतला सीओपीडीचा रुग्ण रात्री दहाला तीन पेग आणि भरपेट जेवण घेतो आणि अकराला उताणा झोपतो. दारूने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली झालेली असते आणि अन्ननलिकेचे आकुंचनही मंदावलेले असते, त्यामुळे वर आलेले आम्ल लवकर परत जात नाही. दोनच्या सुमारास ते घशापर्यंत येते. एरवी ठसका लागून जाग आली असती. आज ती उशिरा येते. तोंडात आंबट चव, खोकला, घरघर. तो पंपाचे चार झोत घेतो, थोडे बरे वाटते आणि पुन्हा आडवा होतो. सकाळी बारीक ताप असतो. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाच्या वरच्या कप्प्यात डाग दिसतो. उजवी नळी जास्त सरळ असते आणि उताण्या माणसात तो कप्पा सर्वांत खाली येतो, म्हणून डाग बहुधा तिथेच पडतो. नुसत्या आम्लाची जळजळ असेल तर एक-दोन दिवसांत ओसरते. ताप पुन्हा चढला, कफ पिवळा-हिरवा किंवा दुर्गंधीयुक्त झाला, तर तोंडातल्या जंतूंनी न्युमोनिया धरलेला असतो.

प्रत्येक वेळी इतके उघड काही दिसतेच असे नाही. छातीत जळजळ नसतानाही पहाटेचा खोकला, सकाळी बसलेला आवाज, प्यायलेल्या रात्रीनंतरच वाढणारा पंपाचा वापर एवढ्याच खुणा असू शकतात. म्हणून ‘किती पिता’ याइतकाच ‘शेवटचा पेला आणि झोप यांत किती अंतर असते’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि दवाखान्यात तो फारसा विचारला जात नाही.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी हे भागेल, अशी आशा होती. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आटोक्यात नसलेला दमा असलेल्या 412 जणांपैकी निम्म्यांना 24 आठवडे इसोमेप्राझोल दिले गेले. त्यांना जळजळीचा त्रास नव्हता किंवा अगदी थोडा होता. दम्यात फरक पडला नाही. गोळी आम्लाची धार कमी करते. झडप घट्ट करत नाही, घशाला जाग आणत नाही. वर येणारा ऐवज तितकाच राहतो. त्यामुळे दारूनंतरच्या गळतीवर गोळीचा भरवसा धरता येत नाही. झोपेआधीची दारू थांबवणे, जेवण आणि झोप यांत किमान तीन तास ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे यांचा संबंध थेट कारणाशी आहे. ज्यांची दारू रोजची आणि जास्त आहे त्यांनी ती एका दिवसात स्वतःहून बंद करू नये. अशा वेळी फिट्स आणि भ्रम येऊ शकतात, आणि ते शमवणारी औषधे श्वास मंद करतात. सीओपीडीच्या रुग्णाला ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.