घट्ट पाण्याचा वाद: पक्षाघातानंतरच्या गिळण्याची पार्श्वभूमी

पक्षाघातानंतर पिताना पाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून त्यात पूड मिसळून ते घट्ट करतात. पेशंटच्या केसपेपरवर ‘पाणी घट्ट करून द्यावे’ असं लिहिणं गेल्या काही दशकांत इतकं रुळलं, की त्यामागे पुरावा काय हे विचारायलाच फार उशीर झाला. आज गिळण्याचे उपचारही करणाऱ्या स्पीच थेरपिस्टमध्ये बरेच खटके उडतात ते याच एका ओळीवरून.

त्याआधीची पद्धत थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. घशाच्या मागच्या भिंतीला पट्टी लावायची, उबळ आली तर तोंडाने खायला द्यायचं, नाही आली तर नाकातून नळी घालायची. पण अशी उबळ धडधाकट माणसांतही बरेचदा येत नाही, आणि ती येते म्हणून गिळणं सुरक्षित आहे असंही ठरत नाही. तरीही ही सवय अनेक वॉर्डांतून पूर्णपणे गेलेली नाही.

खरा बदल 1980 च्या दशकात झाला. बेरियम मिसळलेला घास गिळताना चालता एक्स-रे घ्यायचा, म्हणजेच व्हिडिओफ्लुरोस्कोपी करायची, ही पद्धत तेव्हा स्थिरावली. 1988 मध्ये नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहण्याची पद्धतही प्रसिद्ध झाली. दोन्हींमधून एक गोष्ट लख्ख दिसली. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया सुरू व्हायला उशीर होतो, तोवर पातळ पाणी जिभेवरून घसरून स्वरयंत्राशेजारच्या खळग्यांत जाऊन भरतं आणि श्वासमार्ग बंद व्हायच्या आत तिथून आत सांडतं. घट्ट द्रव हळू उतरतो, त्यामुळे मागे पडलेल्या स्नायूंना वेळ मिळतो. पडद्यावर काळी रेघ श्वासनलिकेत उतरताना पाहायची, तेच पाणी घट्ट करून दिल्यावर ती उतरत नाही हेही पाहायचं, यापेक्षा पटणारा पुरावा कुठला? इथेच गडबड झाली असं माझं मत आहे. क्ष-किरण खोलीतल्या काही मिनिटांत जे थांबलं, ते पुढचे महिनोन्‌महिने निमोनियाही थांबवेल, असं गृहीत धरलं गेलं.

खाटेजवळची तपासणी मात्र कधीच मागे पडली नाही. पेशंट नीट जागा आहे का, ताठ बसतो का, हे आधी पाहायचं. तोंड स्वच्छ करायचं. चमच्याने 5 मिलिलिटर पाणी दोन-तीनदा द्यायचं, बोटं गळ्यावर ठेवून स्वरयंत्र वर उचललं जातंय का ते चाचपायचं, आणि प्रत्येक घोटानंतर ‘आ’ म्हणायला लावायचं. आवाज ओलसर, घुरघुरता झाला तर पाणी स्वरतंतूंपाशी आहे असं समजायचं. 1992 मध्ये पक्षाघाताच्या पेशंटसाठी आलेल्या चाचणीत 90 मिलिलिटर पाणी कपाने न थांबता प्यायला देतात आणि ठसका किंवा ओला आवाज येतो का ते पाहतात. या तपासणीची मर्यादा अशी, की पाणी फुप्फुसाकडे जात असतानाही काही पेशंटना ठसकाच लागत नाही. 1996 मध्ये आलेल्या आठ पायऱ्यांच्या मापात आठवी पायरी हीच आहे: द्रव स्वरतंतूंच्या खाली गेला आणि शरीराने तो बाहेर काढायचा प्रयत्नही केला नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झालेली 66 वर्षांची एक पेशंट कल्पनेत धरू. दुसऱ्या दिवशी चमच्याचं पाणी ठीक जातं, कपाच्या तिसऱ्या घोटानंतर आवाज ओला होतो, ठसका नाही. चौथ्या दिवशी एक्स-रेत पातळ द्रव ठसक्याविना स्वरतंतूंच्या खाली जाताना दिसतो. हनुवटी छातीकडे झुकवली की 5 मिलिलिटर निभावतात, कपाने प्यायल्यावर पुन्हा गळती होते. किंचित घट्ट द्रव आत जात नाही आणि थोडा घशात उरतो तो दुसऱ्यांदा कोरडं गिळल्यावर निघून जातो. त्याहून घट्ट द्रवही आत जात नाही, पण जिभेच्या मुळाशी त्याचा थर साचतो आणि तीनदा गिळूनही पुरता निघत नाही. म्हणजे जास्त घट्ट तेवढं जास्त सुरक्षित, हे समीकरण इथे टिकत नाही. साचलेला थर जेवण संपल्यावर, पेशंट आडवी झाल्यावर, आत उतरू शकतो. थेरपिस्ट सौम्य घट्टपणा लिहून देते, लहान घोट आणि दोनदा गिळणं शिकवते, आणि दोन आठवड्यांनी फेरतपासणी ठरवते.

आता वादाकडे येऊ. 1998 मध्ये वृद्धांवरच्या एका अभ्यासात निमोनियाशी जास्त घट्ट नातं दिसलं ते दुसऱ्याच्या हाताने भरवून घ्यावं लागणं, तोंडाच्या स्वच्छतेसाठी परावलंबी असणं आणि किडलेले दात यांचं. नुसतं पाणी आत जाणं आजारासाठी पुरेसं नसतं, त्याबरोबर तोंडातले जंतूही जावे लागतात. पुढे 2008 मध्ये 515 पेशंटना तीन महिने पाहणाऱ्या चाचणीत साध्या पाण्यासह हनुवटी झुकवणं आणि पाणी घट्ट करणं यांत निमोनियाच्या प्रमाणात ठाम फरक सापडला नाही, उलट घट्ट द्रव घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांना शरीरातलं पाणी कमी पडलं, दुसऱ्या गटात 2 टक्क्यांना. मात्र ते पेशंट पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाचे होते. पक्षाघात अचानक येतो आणि पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं गिळणं सुधारतं, म्हणून ते निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. घट्ट पाण्याचे समर्थक याच फटीवर बोट ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

पण घट्ट पाणी कोणाला आवडत नाही, हे वॉर्डात काम करणारा कोणीही सांगेल. पेशंट दोन घोट घेते आणि कप बाजूला ठेवते. दिवसाअखेर नोंदवहीत जेमतेम अर्धा लिटर लिहिलेलं असतं आणि लघवी गडद झालेली असते. स्टार्चची पूड घातलेलं पाणी तासभर राहिलं की आणखी घट्ट होतं आणि तोंडात गेल्यावर लाळेमुळे पातळ होतं, म्हणजे लिहिलेला घट्टपणा आणि गिळलेला घट्टपणा वेगळाच. डिंकासारख्या झँथन गमची पूड यात जास्त स्थिर असते. घट्टपणाच्या नावांतही एकवाक्यता नव्हती. 2013 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नातून 0 ते 7 पायऱ्या ठरल्या, त्यांत द्रवांसाठी 0 ते 4. पाहणी सोपी आहे: ठरावीक मापाच्या 10 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये द्रव भरायचा, 10 सेकंद वाहू द्यायचा. 1 ते 4 मिलिलिटर उरले तर पहिली पायरी, 4 ते 8 उरले तर दुसरी, त्याहून जास्त उरले तर तिसरी. चौथीत काही गळतच नाही. आपल्या पेशंटला दिलेली पायरी दुसरी.

1984 पासून एक तिसरी वाटही वापरात आहे: जेवताना घट्ट द्रव, आणि जेवण संपून अर्धा तास झाल्यावर तोंड स्वच्छ करून साधं पाणी. यात जोखीम स्वीकारून पेशंटची तहान भागवली जाते. जी झोपाळलेली आहे, जिचा खोकला फार दुबळा आहे किंवा जिला आधीच छातीचा संसर्ग आहे, तिला ही वाट देत नाहीत. आपल्या पेशंटला पहिल्या आठवड्यात म्हणूनच ती मिळत नाही. दुसऱ्या आठवड्यात खोकल्याला जोर येतो, तेव्हा नर्स दिवसातून तीनदा तोंड साफ करून साधं पाणी पाजू लागते. ठरलेल्या फेरतपासणीत कपाने पाजलेला पातळ द्रव स्वरतंतूंच्या वरच राहतो आणि गिळताच निघून जातो. थेरपिस्ट घट्ट पाण्याची ओळ खोडते आणि हनुवटी झुकवण्याची सूचना ठेवते.