शेअर पळाला, पैसे कुठे गेले?

सकाळी सव्वानऊनंतर पाचच मिनिटांत भाच्याचा फोन आला. "मामा, शेअर तीन टक्के वर उघडलाय आणि मी लॉसमध्ये आहे. ब्रोकरच्या ॲपमध्ये गडबड आहे का?"

ॲपमध्ये काहीही गडबड नव्हती. आदल्या दिवशी बाजार बंद व्हायच्या आधी त्याने स्ट्रॅडल घेतला होता, म्हणजे एकाच ठरलेल्या भावाला, स्ट्राइकला, शेअर घेण्याचा हक्क देणारा कॉल आणि विकण्याचा हक्क देणारा पुट, असे दोन्ही ऑप्शन. संध्याकाळी कंपनीचे तिमाही निकाल होते. निकाल चांगला लागो की वाईट, शेअर हलणारच, आणि कुठल्याही बाजूला हलला तरी आपण कमावणार, असा त्याचा हिशेब होता. शेअर हललाही. मग घोडं कुठे अडलं?

त्याचे आकडे थोडे गोल करून मांडतो. शेअर 1500 रुपयांना, स्ट्राइक 1500, एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायला, बाजाराचे 12 दिवस बाकी. कॉल आणि पुट दोन्ही साधारण साडेचौतीस रुपयांना, म्हणजे स्ट्रॅडल 69 रुपयांचा. लॉट 400 शेअरांचा, म्हणून खिशातून गेले 27,600. दुसऱ्या दिवशी शेअर 1545. कॉल साडेचौतीसवरून 54 वर गेला, पण पुट साडेचौतीसवरून 9 वर आला. कॉलने साडेएकोणीस कमावले, पुटने साडेपंचवीस घालवले. लॉटमागे 2,400 रुपयांचा तोटा, दलाली आणि कर वेगळे.

ऑप्शनच्या किमतीत एक अंदाज दडलेला असतो: एक्स्पायरीपर्यंत हा शेअर किती हेलकावे खाईल. त्यालाच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, बाजाराच्या भाषेत आयव्ही म्हणतात. आयव्ही वर्षाच्या मापात सांगतात. वर्षात बाजाराचे सुमारे 252 दिवस असतात आणि 252 चं वर्गमूळ जवळपास 16. म्हणून आयव्हीला 16 ने भागलं की एका दिवसाच्या हालचालीचा ढोबळ अंदाज मिळतो. हा शेअर एरवी 20 च्या आयव्हीवर असतो, म्हणजे दिवसाला सव्वा टक्का. निकालाच्या दिवशी मात्र आयव्ही साडेसव्वीस होती, म्हणजे दिवसाला सुमारे 1.66 टक्के.

गंमत अशी की यापुढच्या कुठल्याही दिवशी शेअर 1.66 टक्के हलेल, असं बाजाराचं म्हणणं नव्हतंच. 1.66 ही सरासरी आहे. घरात एका दिवशी बारसं असेल तर त्या महिन्याचा रोजचा सरासरी खर्च फुगतो, तसं. बाकी दिवस भाजी-दुधाचेच असतात. बारसं आटोपलं की उरलेल्या दिवसांची सरासरी आपोआप खाली येते, त्यासाठी कोणाला काटकसर करावी लागत नाही.

ही बेरीज टक्क्यांची नसते, टक्क्यांच्या वर्गांची असते, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. 1.66 चा वर्ग पावणेतीन, गुणिले 12 दिवस, म्हणजे साधारण 33. त्यातले 11 दिवस नेहमीचे. सव्वाचा वर्ग 1.56, गुणिले 11, म्हणजे 17. उरले 16, आणि त्याचं वर्गमूळ 4. म्हणजे निकालाच्या त्या एका रात्रीसाठी बाजाराने 4 टक्क्यांची हालचाल आधीच किमतीत घालून ठेवली होती. हे 4 टक्के म्हणजे प्रमाण विचलन. सरासरी हालचाल त्याच्या आठ-दशांश, म्हणजे 3.2 टक्क्यांच्या आसपास पडते.

भाच्याचा शेअर हलला 3 टक्के. त्याला ती मोठी हालचाल वाटली, पण पैसे त्याने त्याहून मोठ्या हालचालीचे मोजले होते. निकाल लागला आणि 33 मधले 16 एका झटक्यात गळून पडले. उरलेले 11 दिवस पुन्हा सव्वा टक्क्याचे झाले, आयव्ही 20 वर आली. आयव्ही जुन्या पातळीवर राहिली असती तर 1545 ला तोच स्ट्रॅडल 77 च्या आसपास असता. प्रत्यक्षात मिळत होते 63. हा 14 रुपयांचा फरक म्हणजे व्होलॅटिलिटी क्रश. शेअर जागचा हललाच नसता तर स्ट्रॅडल 50 वर आला असता.

"ऑपरेटरने प्रीमियम पाडला", म्हणजे कोणा बड्या सट्टेबाजाने ऑप्शनची किंमत पाडली, हे वाक्य दर तिमाहीला ऐकू येतं. पण निकालाची तारीख कंपनी आधीच जाहीर करते, सगळ्यांना ठाऊक असते, आणि आयव्ही त्या तारखेपर्यंत चढून मग कोसळते. पॅटेल आणि वुल्फसन या दोन अमेरिकी संशोधकांनी हे 1979 सालीच दाखवलं होतं. तेव्हा भारतात शेअर ऑप्शन नव्हतेच.

या उदाहरणात दुसऱ्या सकाळी मुद्दल निघायला शेअर साधारण 55 रुपये, म्हणजे पावणेचार टक्के हलायला हवा होता. बाजाराचा 4 टक्क्यांचा अंदाज अगदी बरोबर धरला, तरी असं तीनातून साधारण एकदा घडतं. म्हणजे किंमत रास्त असूनही बहुतेक वेळा तोटाच दिसणार, आणि अधूनमधून एखादा घसघशीत नफा.

आठवणीत राहतात ते नेमके तेच अधूनमधूनचे दिवस. इन्फोसिसने 13 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी निकाल दिले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार, आणि सोमवारी 17 तारखेला शेअर 9 टक्क्यांहून जास्त पडला. जानेवारी 2024 मध्ये निकालाच्या दुसऱ्या दिवशी एचडीएफसी बँक 8 टक्क्यांहून अधिक घसरली. स्ट्रॅडल घेणाऱ्याची दिवाळी झाली. मधल्या काळात दोन-अडीच टक्के हलून गप्प बसलेल्या डझनभर शेअरांची नावं कोणाला सांगता येत नाहीत.

"मग पुढच्या महिन्याचा घेतला असता तर?" भाच्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. समजा एक्स्पायरीला 32 दिवस आहेत. तीच एक रात्र आता 32 दिवसांत वाटली जाते, त्यामुळे आयव्ही साडेबावीसच दिसते आणि 20 वर येते. स्ट्रॅडल 96 चा, शेअर जागीच राहिला तर सुमारे 83 होईल. उलट एक्स्पायरीला तीनच दिवस असतील तर आयव्ही 40 दिसते आणि निम्मी होते, 52 चा स्ट्रॅडल 21 वर येतो. पण लांबचा महिना घेतला की रात्रीच्या हालचालीचा फायदाही तेवढाच पातळ होतो, आणि आपल्याकडे शेअर ऑप्शनच्या लांबच्या महिन्यात सौदे इतके कमी होतात की खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतरच काही रुपये खाऊन जातं.

हा सगळा हिशेब निकालानंतर शेअर शांत होईल, असं धरून आहे. कधी निकालातूनच नवं कोडं उभं राहतं, एखादी चौकशी, प्रमुखाचा राजीनामा. तेव्हा आयव्ही पडतच नाही. मोठ्या घसरणीनंतरही ती बरेचदा 20 वर परतायला वेळ घेते.

शेवटी तो म्हणाला, "मग पुढच्या तिमाहीला मी स्ट्रॅडल विकतोच." मी त्याला 69 ला विकलेला स्ट्रॅडल शेअर 9 टक्के पडल्यावर कुठे असेल ते काढायला सांगितलं. 1500 चे 9 टक्के 135. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग कागद फाडल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "लॉटमागे सव्वीस हजारांच्या वर."