३२७६८: घड्याळाच्या क्रिस्टलला हाच आकडा का मिळाला

भिंतीवरचे क्वार्ट्झ घड्याळ उघडले की सेलच्या खोबणीजवळ एक इवलीशी पाटी दिसते. तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो, शेजारी तांदळाच्या दाण्याहून थोडी जाड अशी चंदेरी नळी आणि बारीक तारेचे वेटोळे. त्या नळीत चिमट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा तुकडा असतो आणि त्याच्या दोन्ही भुजा सेकंदाला ३२७६८ वेळा थरथरतात. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात. पण क्वार्ट्झला २ च्या घातांशी काही देणेघेणे नाही. तुकडा थोडा घासला की कंपने बदलतात, म्हणजे कोणताही आकडा साधता येतो. मग हाच का? याचे उत्तर त्या काळ्या थेंबाखाली झाकलेल्या चिपमध्ये आहे, आणि त्याचा इतिहास घड्याळांपासून बराच लांब सुरू होतो.

पहिले क्वार्ट्झ घड्याळ १९२७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी बनवले. त्यातला क्रिस्टल सेकंदाला ५०,००० कंपने करी. आकडा चक्क दशमान पद्धतीतला, शून्यांनी भरलेला. निर्वात नळ्यांच्या मंडलांनी ही कंपने १००० पर्यंत उतरवायची आणि त्यावर एक मोटर फिरवायची, अशी ती रचना होती. अख्खी यंत्रणा कपाटाएवढी आणि वीज भिंतीतून येणारी, त्यामुळे कशाने भागायचे याची काटकसर करण्याचे कारणच नव्हते.

दोनने भागण्याची कल्पना आली ती भौतिकशास्त्रज्ञांकडून. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थांतून सुटणारे कण मोजायचे होते. कण पटापट येत आणि आकडे पुढे सरकवणारा यांत्रिक मोजक मात्र मंद होता. सी. ई. विन-विल्यम्स यांनी १९३२ साली त्यावर मार्ग काढला: दर दोन ठोक्यांना एकच ठोका पुढे पाठवणारे मंडल करायचे आणि अशी मंडले एकामागे एक जोडायची. प्रत्येक पायरीला ठोके निम्मे होत जातात आणि शेवटी यांत्रिक मोजकाला झेपेल इतकाच वेग उरतो. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण मनगटी घड्याळाची अडचण नेमकी हीच आहे. इकडे वेगवान कंपने, तिकडे मंद काटा.

या पायरीला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. खटक्याचे बॉलपेन आठवा. एकदा दाबले की टोक बाहेर, परत दाबले की आत. दहा वेळा दाबले तर टोक पाच वेळाच बाहेर येते. फ्लिप-फ्लॉप हेच विजेच्या पातळीवर करतो, आणि त्याला मोजायचे काहीच नसते. फक्त आधीची स्थिती उलटी करायची. दहाने भागायचे तर असे चार फ्लिप-फ्लॉप लागतात, शिवाय दहावा ठोका ओळखून सगळे शून्यावर आणणारी जादा जोडणी. चार फ्लिप-फ्लॉप एरवी सोळाने भागतात, म्हणजे दहासाठी त्यांची ताकद वायाच जाते. दोनच्या घाताला नुसती साखळी पुरते. म्हणून आधी साखळी ठरली आणि मग तिला साजेसा क्रिस्टल कापला.

जपानच्या सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन हे मनगटी घड्याळ विकायला काढले. किंमत साडेचार लाख येन, क्रिस्टल ८१९२ चा, म्हणजे २ चा तेरावा घात. स्वित्झर्लंडमध्ये नशाटेल इथल्या घड्याळ-संशोधन केंद्रात तयार झालेल्या बीटा-२१ मध्येही क्रिस्टल ८१९२ चाच होता, पण त्यांनी साखळी पाच पायऱ्यांवरच थांबवली. ८१९२ पाच वेळा निम्मे केले की २५६ उरतात. तेवढ्या कंपनांवर चालणारी थरथरती मोटर त्यांनी बसवली, त्यामुळे बीटा-२१ चा सेकंद काटा टकटक न करता सरकत जाई. साखळी लांबवायची तर वीज आणि जागा, दोन्ही लागत होते.

विजेचा हिशेब इथे मोलाचा आहे. पुढे घड्याळांत सीमॉस मंडले आली. ती मुख्यत्वे स्थिती बदलतानाच वीज घेतात. पहिली पायरी सर्वांत वेगात बदलते, दुसरी तिच्या निम्म्या, तिसरी पाव. एक अधिक अर्धा अधिक पाव अशी बेरीज करत गेलात तर ती दोनच्या पुढे जात नाही. म्हणजे साखळीच्या एकूण खर्चातला जवळजवळ अर्धा खर्च एकट्या पहिल्या पायरीचा, आणि शेवटच्या पायऱ्या जवळपास फुकट. साखळी लांब करणे स्वस्त पडते, महाग पडतो तो क्रिस्टलचा वेग. पण वेग कमी ठेवला की चिमटा लांब होतो आणि घड्याळात मावत नाही. या ओढाताणीतून ३२७६८ हा मधला आकडा स्थिरावला. जिरार-पेरगो कंपनीने १९७१ मध्ये तो वापरला, आणि पुढे सगळ्यांनी तोच उचलला.

आता साखळी प्रत्यक्ष उतरून पाहू. ३२७६८, १६३८४, ८१९२, ४०९६, २०४८, १०२४, ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पंधरा पायऱ्या. ज्यांनी लहानपणी निमकी पाठ केली त्यांना यात नवे काही वाटणार नाही. हे हाताने करून बघायचे असेल तर 4060 ही चिप घ्या. तिच्यात क्रिस्टल चालवणारे मंडल आणि चौदा पायऱ्या असतात. तिसऱ्या पिनवर एलईडी लावला की तो सेकंदाला दोनदा लुकलुकतो, एकदा नाही, कारण पंधरावी पायरी चिपमध्ये नाही. त्यासाठी 4013 मधला एक फ्लिप-फ्लॉप जोडावा लागतो.

घड्याळाच्या मोटरला मात्र यापुढचीही एक पायरी लागते. तिचा छोटा चुंबक दर सेकंदाला अर्धा फेरा घेतो, म्हणून वेटोळ्यात एका सेकंदाला वीज एका दिशेने जाते आणि पुढच्या सेकंदाला उलट. पूर्ण आवर्तन दोन सेकंदांचे. काट्याच्या मल्टिमीटरची टोके वेटोळ्याला लावली तर सुई एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे उडताना स्पष्ट दिसते. वीज सेकंदभर वाहत नाही, काही मिलिसेकंदांचाच धक्का असतो. तो धक्का किती लांब ठेवायचा हेही साखळीच्याच मधल्या पायऱ्या ठरवतात.

घड्याळ चुकू लागले तर दोष कुठला, हे चुकीच्या मापावरून ओळखता येते. साखळीची एक पायरी जरी बिघडली तरी घड्याळ दुप्पट वेगाने किंवा निम्म्या वेगाने धावेल, नाहीतर बंदच पडेल. रोज अर्धा-एक सेकंद मागे पडत असेल तर साखळीचा त्यात हात नाही, ते क्रिस्टलचे काम. हा चिमटा साधारण २५ अंशांना सर्वांत वेगात असतो आणि तापमान त्याच्या वर जावो की खाली, तो मंदावतोच. चाळीस अंशांच्या खोलीत ही घट दिवसाला सुमारे पाऊण सेकंदाच्या आत भरते. काही मनगटी घड्याळांत काटा एकदम दोन किंवा चार सेकंद उडी मारू लागतो, तो तर बिघाडच नव्हे. सेल संपत आल्याची ती खूण आहे. साखळी धक्के साठवून एकदम देते, वेळ बरोबरच राहते.

क्रिस्टल कारखान्यातून नेमका ३२७६८ चा निघत नाही. पूर्वी एक बारीक स्क्रू फिरवून तो जुळवत. आता बऱ्याच घड्याळांत क्रिस्टल मुद्दाम थोडा वेगवान कापतात आणि जादा असलेले ठोके साखळीतून ठरावीक काळाने, समजा दर मिनिटाला, गाळून टाकतात. मिनिटाला एक ठोका गाळला की दिवसाला सुमारे ०.०४४ सेकंदाचा फरक पडतो. म्हणून असे घड्याळ तपासताना एका टिकटिकीचे माप घेऊन काही कळत नाही. गाळलेला ठोका ज्या मिनिटाच्या सांध्यावर असतो तो सेकंद मोजणीत यावा लागतो, आणि त्यासाठी तपासणीच्या यंत्राला पूर्ण साठ सेकंद ऐकू द्यावे लागते.